पीकेडी: बाबांचं डायलिसिस सुरू झालं, माझ्या किडनीत सिस्ट सापडल्या, बहिणीची सोनोग्राफी मात्र स्वच्छ

विहंग (धागाकर्ता)

नमस्कार. इतके दिवस नुसता वाचत होतो, आज विचारायची वेळ आली आहे.

बाबा ५४ वर्षांचे आहेत. त्यांना पॉलिसिस्टिक किडनी आहे हे आम्हाला बारा वर्षांपासून माहीत होतं, पण घरात कुणी त्यावर फारसं बोललं नाही. तीन महिन्यांपूर्वी डायलिसिस सुरू झालं. त्याच सुमाराला माझ्या उजव्या कुशीत अचानक जोराची कळ आली आणि तीन दिवस लघवी लालसर होत होती. सोनोग्राफी केली. दोन्ही किडन्या मोठ्या, दोन्हींत भरपूर सिस्ट. माझं वय ३३.

क्रिएटिनिन ०.९ आलं. त्या दिवशी बीपी १३८/८८ होतं. आमच्या नेहमीच्या डॉक्टरांनी सांगितलं, क्रिएटिनिन नॉर्मल आहे, आता काही करायची गरज नाही, वर्षाने परत तपासू. ऐकून बरं वाटलं होतं. पण बाबांना पहिल्यांदा हेच सांगितलं गेलं होतं, असं आई म्हणाली. तेव्हापासून झोप नीट लागत नाही.

बहीण २६ वर्षांची आहे. चार वर्षांपूर्वी तिची सोनोग्राफी झाली होती, त्यात एकही सिस्ट नव्हती. तिचा आणि बाबांचा रक्तगट जुळतो आणि ती किडनी द्यायचं म्हणते आहे. घरात सगळ्यांनी ते जवळपास ठरवूनच टाकलं आहे. मला तीन गोष्टी कळायला हव्यात. बहीण खरंच सुटली आहे का? माझ्या बीपीचं आत्ताच काही करायला हवं का? आणि माझी मुलगी सहा वर्षांची आहे, तिला तपासायचं का?

श्रीपाद_म

विहंग, धीर धरा. माझ्या चुलतभावाला हा आजार होता, त्यामुळे थोडीफार माहिती आहे. मुलांमध्ये निम्म्यांना येतो, निम्म्यांना नाही. तुम्ही दोघं भावंडं, तुम्हाला आला म्हणजे बहीण सुटली, शिवाय तिची सोनोग्राफीही स्वच्छ आहे. तिने निर्धास्त किडनी द्यावी. बीपीसाठी मीठ कमी करा आणि १४० च्या आत ठेवा. कुशीत दुखलं की दुकानातून वेदनाशामक गोळ्या आणून घेऊ नका, हे मात्र नक्की पाळा. भावाने त्या वर्षानुवर्षं घेतल्या होत्या.

कस्तुरी

धागा वाचून घाबरले. माझ्या मुलीला पॉलिसिस्टिकचा त्रास आहे, पाळी अनियमित येते, सोनोग्राफीत गाठी दिसल्या होत्या. तिच्या किडन्याही तपासून घ्यायला हव्यात का? आमच्याकडे किडनीचा आजार कुणालाच नाही.

डॉ_शिशिर

कस्तुरीताई, तुमच्या मुलीला आहे तो बीजकोशांचा त्रास. नावातला एक शब्द सारखा आहे, बाकी दोन्ही आजारांचा एकमेकांशी काही संबंध नाही. त्या कारणासाठी किडनीची तपासणी नको.

विहंग, मी नेफ्रॉलॉजिस्ट आहे. सुरुवात बहिणीपासून करतो, कारण तिथे एक निर्णय घाईने होऊ घातला आहे.

श्रीपाद यांनी निम्म्याचा हिशेब बरोबर सांगितला, पण त्याचा अर्थ चुकला. हा निम्मा हिशेब प्रत्येक अपत्यासाठी नव्याने होतो. बाबांकडे त्या जनुकाच्या दोन प्रती आहेत, एक बिघडलेली आणि एक चांगली. प्रत्येक मुलाला त्यातली कुठलीतरी एक मिळते. तुम्हाला बिघडलेली मिळाली म्हणून बहिणीच्या वाट्याला चांगलीच येईल असं नाही. तुमचं निदान व्हायच्या आधी तिची शक्यता जितकी होती तितकीच आजही आहे. मुलगा आणि मुलगी यातही फरक नाही, आणि हा आजार पिढी गाळून पुढे जात नाही. बहिणीला ते जनुक मिळालं नसेल, तर तिच्या मुलांनाही तिच्याकडून मिळणार नाही.

आता तिची 'स्वच्छ' सोनोग्राफी. या आजारात सिस्ट वयाबरोबर वाढत जातात, म्हणून रिपोर्ट नेहमी वयाशी जोडूनच वाचायचा. घरात आजार असलेल्या माणसात १५ ते ३९ या वयात दोन्ही किडन्या मिळून तीन सिस्ट दिसल्या तरी निदान पक्कं होतं. उलट दिशेने मात्र तो रिपोर्ट इतका खात्रीचा नसतो. बाविसाव्या वर्षी सोनोग्राफीत काही दिसलं नाही याचा अर्थ 'तेव्हा, त्या मशीनवर, दिसण्याएवढ्या मोठ्या सिस्ट नव्हत्या' एवढाच. तिशीनंतर स्वच्छ रिपोर्टचा भरवसा बराच वाढतो. चाळिशीनंतर दोन्ही मिळून दोनपेक्षा कमी सिस्ट असतील, तर आजार नाही असं म्हणता येतं.

स्वतःच्या माहितीपुरतं ती थांबू शकते. पण किडनी दान करायची असेल तर चार वर्षांपूर्वीच्या सोनोग्राफीवर ते मुळीच ठरवू नये. आज एक किडनी दिली आणि पस्तिशीत उरलेल्या किडनीत सिस्ट निघाल्या, तर घरात दोन रुग्ण होतील आणि तिच्याकडे राखीव काही उरणार नाही. तिच्या वयाला आधी एमआरआय करायचा. त्यात दोन्ही मिळून पाचपेक्षा कमी सिस्ट असतील तर आजार नाही असं धरतात, दहापेक्षा जास्त असतील तर आहे.

एक प्रश्न विचारतो. बाबांना हा आजार कुणाकडून आला? आजी की आजोबा, आणि ते कशाने गेले?

विहंग

डॉक्टर, मनापासून आभार. घरात हे वाचून दाखवलं, सगळे गप्प झाले.

आजीकडून आला असावा. ती ४८ व्या वर्षी गेली, बीपी वाढून. म्हणजे आम्ही तसंच म्हणत आलो. बाबा सांगतात, सकाळी कामं करता करता तिने एकदम डोकं धरलं, असं डोकं कधीच दुखलं नव्हतं म्हणाली, उलटी झाली आणि तासाभरात बेशुद्ध पडली. किडनीचं तेव्हा कुणाच्या डोक्यातही नव्हतं.

मैत्रेयी

विहंग, इतकं मनाला लावून घेऊ नका. माझ्या आईलाही पीकेडी आहे. ती ७१ वर्षांची आहे, क्रिएटिनिन १.६, डायलिसिसचं नाव नाही. बीपीची एक गोळी घेते, स्वतःची कामं स्वतः करते. मामाला पण आहे, तो ६६ चा. आमच्या घरात तरी या आजाराने कुणाचं काही बिघडलं नाही. पीकेडी म्हणजे डायलिसिस असं समीकरण नाही.

डॉ_शिशिर

विहंग, आजीबद्दल विचारलं ते यासाठीच. तुम्ही सांगितलेलं वर्णन मेंदूतल्या रक्तवाहिनीचा फुगा फुटल्याचं वाटतं. इतक्या वर्षांनी ते सिद्ध करता येणार नाही, पण या आजारात असे फुगे इतरांपेक्षा जास्त आढळतात, आणि घरात कुणाचा फुटलेला असेल तर धोका आणखी वाढतो. पीकेडीच्या प्रत्येक रुग्णाचा मेंदू तपासत नाहीत. तुमच्या घरात मात्र बाबांची आणि तुमची मेंदूच्या रक्तवाहिन्यांची एमआरआय अँजिओग्राफी करून घ्यावी. ती इंजेक्शनशिवाय होते. काही निघालं नाही तरी पाच-दहा वर्षांनी पुन्हा करतात. बहिणीला ही तपासणी आत्ता नको, तिला आजार आहे असं ठरलं तरच. आणि अचानक, आयुष्यात कधी झाली नाही अशी डोकेदुखी आली तर गोळी घेऊन झोपायचं नाही, तडक हॉस्पिटल गाठायचं, हे घरात सगळ्यांना सांगून ठेवा.

मैत्रेयीताई, तुमच्या आईचं ऐकून आनंद झाला. तुमचा अनुभव खरा आहे, पण तो बहुधा वेगळ्या जनुकाचा आहे. हा आजार मुख्यतः दोन जनुकांमुळे होतो. दुसऱ्या जनुकाच्या, म्हणजे पीकेडी२ च्या कुटुंबांत आजार उशिरा आणि सावकाश वाढतो, कित्येकांना सत्तरीपर्यंत डायलिसिस लागत नाही. फ्रान्समधल्या एका मोठ्या अभ्यासात डायलिसिस किंवा प्रत्यारोपणाची वेळ येण्याचं मधलं वय पीकेडी२ मध्ये ७९ होतं. पीकेडी१ मध्ये जनुकाचा बिघाड प्रथिन अर्धवटच बनेल असा असेल तर ते ५५ होतं, सौम्य बिघाड असेल तर ६७. विहंगचे बाबा ५४ ला तिथे पोचले, त्यामुळे त्यांच्या घराला तुमच्या घराचा दिलासा लागू होईलच असं नाही. अर्थात एकाच घरातही दोघांची वाट सारखी नसते, बाबांचं वय हा विहंगचा ठरलेला मुहूर्त नव्हे.

विहंग

मग माझं क्रिएटिनिन नॉर्मल कसं? यावर कुणी नीट सांगेल का? त्या ०.९ वर विश्वास ठेवू की नको?

अनुजा_रेडिओ

मी सोनोग्राफी करते, त्यामुळे माझ्या बाजूने सांगते. असे पेशंट आमच्याकडे नेहमी येतात, किडनी सिस्टने भरून नेहमीच्या दुप्पट झालेली आणि हातात नॉर्मल क्रिएटिनिनचा रिपोर्ट. सिस्टच्या दाबाने जो भाग निकामी होतो त्याचं काम उरलेला भाग जास्त राबून करतो. म्हणून क्रिएटिनिन कित्येक वर्षं हलत नाही. ते वाढायला लागतं तेव्हा राखीव भाग बराचसा संपलेला असतो. म्हणजे ०.९ हा आकडा खोटा नाही, आज तुमच्या किडन्या रक्त छान गाळत आहेत हे त्यातून कळतं. आजार किती पुढे गेला आहे हे मात्र त्यातून कळत नाही. ते किडनीच्या आकारमानावरून कळतं, आणि त्यासाठी सोनोग्राफीपेक्षा एमआरआय चांगला. एमआरआयवर दोन्ही किडन्यांचं एकूण आकारमान काढा, उंचीने भागा आणि वयाशी जुळवा. त्याचे ए ते ई असे पाच वर्ग आहेत. रिपोर्टवर १ आणि त्यापुढे इंग्रजी अक्षर असं लिहितात.

डॉ_शिशिर

अनुजाताईंनी मला लिहायचं होतं तेच लिहिलं. आता बीपी.

या आजारात बीपी वाढतं ते किडनी निकामी झाल्यावर नाही, त्याच्या खूप आधी, बहुतेकांचं तिशीच्या आसपास. सिस्ट आजूबाजूच्या लहान रक्तवाहिन्या दाबतात, त्या भागाला रक्त कमी पडतं, आणि किडनीला वाटतं की शरीरातलाच दाब घसरला आहे. मग ती दाब वाढवणारी रसायनं सोडते. म्हणून तुमचं १३८/८८ हे घाबरल्यामुळे आलेलं असेल असं समजून सोडून देऊ नका, पण एका आकड्यावर गोळीही सुरू करू नका. दंडावर बांधायचं मशीन घ्या. आठवडाभर सकाळी आणि संध्याकाळी, पाच मिनिटं शांत बसून, पाठ टेकून, दोन-दोन वेळा मोजा आणि लिहून ठेवा. पहिला दिवस वगळून सरासरी काढा.

सरासरी १३० किंवा ८५ च्या वर गेली तर औषध लागेल. रॅमिप्रिल किंवा टेल्मिसार्टनसारखी, त्या रसायनांनाच अडवणारी औषधं यात पहिली निवड असतात. दोन्ही गट एकत्र घेऊन जास्त फायदा होत नाही, हे तपासून झालं आहे. गोळी सुरू केल्यावर एक-दोन आठवड्यांनी पोटॅशियम आणि क्रिएटिनिन तपासायचं. क्रिएटिनिन थोडं वर जाईल, मूळ आकड्याच्या ३० टक्क्यांपर्यंत वाढलं तर घाबरून गोळी बंद करायची नाही. बहिणीसाठी एक जास्तीची सूचना: तिला आजार निघाला आणि ही गोळी सुरू झाली, तर गरोदरपणात ती चालत नाही, बाळाला अपाय होतो. मूल हवं असेल तेव्हा आधी डॉक्टरांना सांगून औषध बदलून घ्यायचं.

आणि श्रीपाद, १४० हे उद्दिष्ट विहंगच्या वयाला फार ढिलं आहे. ५० च्या आतल्या, किडनीचं काम चांगलं असलेल्या रुग्णांत ११०/७५ पर्यंत आणायचा प्रयत्न करतात, अर्थात सोसेल तेवढंच.

श्रीपाद_म

डॉक्टर, चूक मान्य. पण ११० फार कमी नाही का? चक्कर येऊन पडले तर? आणि इतकं खाली आणून किडनी वाचते, असं दिसलं आहे का?

डॉ_शिशिर

प्रश्न अगदी योग्य आहे. २०१४ मध्ये हॉल्ट-पीकेडी या चाचणीचे निकाल आले. एका गटाचं बीपी ९५/६० ते ११०/७५ मध्ये ठेवलं, दुसऱ्याचं १२०/७० ते १३०/८० मध्ये. खालच्या गटात किडन्या सावकाश वाढल्या, हृदयाच्या भिंतीचा जाडपणा आणि लघवीतलं अल्ब्युमिनही जास्त कमी झालं. गाळण्याची क्षमता मात्र पाच वर्षांच्या त्या काळात दोन्ही गटांत जवळपास सारखीच घसरली. चक्कर येण्याचं प्रमाण खालच्या गटात जास्त होतं. त्यामुळे मी काय करतो, तर तरुण माणसात हळूहळू ११० कडे जातो आणि उठताना अंधारी यायला लागली की एक पायरी मागे येतो. चक्कर सोसत आकडा गाठण्यात शहाणपण नाही. डायलिसिस यामुळे किती वर्षं लांबतं, हे या चाचणीतून सांगता येत नाही.

विहंग

पाच आठवड्यांनी लिहितो आहे.

घरच्या नोंदींची सरासरी १३६/८८ आली. टेल्मिसार्टन ४० सुरू झाली. बाराव्या दिवशी पोटॅशियम ४.४, क्रिएटिनिन १.०. आता सकाळी ११८/७६ च्या आसपास असतं, चक्कर नाही. मीठ कमी केल्यावर आकडा पाच-सहाने आणखी खाली आला, ते मला स्वतःला खरं वाटत नव्हतं.

एमआरआयमध्ये दोन्ही किडन्या मिळून ९५० मिली. उंची १७२ सेंटिमीटर. वर्ग १सी. मेंदूची अँजिओग्राफी माझी स्वच्छ आहे, बाबांची पुढच्या आठवड्यात. इथल्या नेफ्रॉलॉजिस्टनी टोल्वाप्टनचा विषय काढला, मी अजून ठरवलेलं नाही.

मुलीचं काय करायचं यावर माझं आणि बायकोचं एकमत होत नाही. तिला आत्ताच सोनोग्राफी करून कळायला हवं आहे.

डॉ_शिशिर

१सी म्हणजे मधला वर्ग. किडन्या साधारण वर्षाला तीन ते साडेचार टक्के वाढतात, म्हणजे १६ ते २३ वर्षांत दुप्पट. बीपी आणि मीठ या दोन गोष्टी आत्ता हातात आल्या हे फार चांगलं झालं. टोल्वाप्टनने वाढ मंदावते, पण तहान आणि लघवी इतकी वाढते की रात्री तीन-चार वेळा उठावं लागतं. पहिलं दीड वर्ष महिन्याला यकृताची तपासणीही चुकवता येत नाही. तुमच्या वर्गात त्याचा विचार व्हावा, पण रोजच्या कामाचं स्वरूप बघून ठरवा.

मुलीचं म्हणाल, तर वर्षातून एकदा लहान मुलांच्या योग्य मापाच्या पट्ट्याने बीपी मोजा. ते या वयापासून नक्की करायचं, कारण मुलांतही बीपी वाढू शकतं आणि त्यावर उपाय आहे. सोनोग्राफी मी स्वतः आत्ता करणार नाही. स्वच्छ आली तर खात्री नाही, आणि सिस्ट दिसली तर या वयात बीपी बघण्यापलीकडे वेगळं काही करणार नाही.

अनुजा_रेडिओ

इथे माझं मत वेगळं आहे. काही आईवडिलांना न कळण्याचा त्रास जास्त होतो, आणि कळल्यावर ते बीपीकडे खरंच लक्ष देतात, हे मी पाहिलं आहे. दुसरीकडे, मोठी झाल्यावर आपल्याला हे कळावं की नको, हे ठरवायचा मुलीचा हक्क आपण आधीच वापरून टाकतो, हेही खरं. दोघांनी बसून बोला, घाई नको.

रेवा_२६

मी विहंगदादाची बहीण. हा धागा त्याने मला दाखवला नव्हता, मीच शोधला.

माझा एमआरआय झाला. दोन्ही किडन्या मिळून सहा बारीक सिस्ट आहेत. पाचपेक्षा कमी नाहीत, दहापेक्षा जास्त नाहीत. घरात सगळे माझ्याकडे बघतात आणि काही बोलत नाहीत. डॉक्टर, याचं काय समजायचं?

डॉ_शिशिर

रेवा, एमआरआयवर या दोन्हींच्या मधे राहिलात. निदान नाही आणि सुटकाही नाही. सोनोग्राफीचे निकष इथे लावायचे नाहीत, एमआरआयला फार बारीक सिस्टही दिसतात. आता जनुकीय तपासणीच करावी लागेल, पण क्रम महत्त्वाचा आहे. आधी बाबांच्या रक्तात बिघाड नेमका कुठे आहे हे शोधायचं, मग तुमच्यात फक्त तोच बिघाड बघायचा. बाबांचं माहीत नसताना तुमची तपासणी 'काही सापडलं नाही' अशी आली, तर त्यावर विसंबता येत नाही, कारण काही कुटुंबांत बिघाड सापडतच नाही. पीकेडी१ तर तपासायलाही अवघड जनुक आहे, त्याच्यासारखे दिसणारे सहा निकामी तुकडे त्याच गुणसूत्रावर असतात. बाबांचा बिघाड सापडला आणि तो तुमच्यात नसेल, तर तुम्हाला त्यांचा आजार नाही आणि पुढच्या तपासण्यांनंतर दानाचा विचार होऊ शकतो. असेल तर दान नाही, पण बीपीची वही आजपासून सुरू करा.

आणि हा निकाल हवा की नको हे तुम्ही ठरवायचं, घराने नाही.

रेवा_२६

बाबांचा रिपोर्ट तीन आठवड्यांपूर्वी आला होता. पीकेडी१, बिघाड सापडला आहे. माझं रक्त काल दिलं. निकाल आधी फक्त मला कळवावा असं लिहून दिलं आहे, घरात कधी सांगायचं ते मी बघेन. तोवर बाबांसाठी दुसरा दाता शोधायचं काम थांबवू नका, हे दादाला इथेच सांगते, समोर बोलताना रडू येतं.

विहंग

वाचलं. दाता-यादीत बाबांचं नाव नोंदवायचे कागद उद्या घेऊन जातो आहे. तू फक्त बीपीची वही लिहीत राहा.